डीएचसीपी स्नूपिंग चालू असताना परका गेटवे आला कुठून? (आरए गार्ड, डीएचसीपीव्ही६ गार्ड)

शिरोलीचा_स्विचवाला
मंडळी, शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचं नेटवर्क बघतो. सत्तरेक पीसी, चार सिस्को कॅटॅलिस्ट स्विच, एक फायरवॉल. आयपीव्ही६ आम्ही वापरत नाही. फायरवॉलवर बंद आहे, कुणी मागितलंही नाही.

मागच्या वर्षी एकानं घरचा राउटर भिंतीतल्या जॅकला लावला आणि अर्ध्या ऑफिसला 192.168.1.x पत्ते मिळाले. तेव्हापासून सगळ्या स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग आहे. वर्षभर शांतता.

गेल्या बुधवारपासून नवीन तक्रार. ईआरपी नावानं उघडत नाही, आयपी टाकला की उघडतो. वेबसाइट उघडतात, पण पहिल्यांदा दोन-चार सेकंद अडकून. सगळ्यांना नाही, एकाच मजल्याला. तिथल्या एका पीसीवर `ipconfig /all` मारलं तर नेहमीचे दोन डीएनएस आहेतच, पण त्यांच्या वर एक `fd` नं सुरू होणारा पत्ता. डीफॉल्ट गेटवेमध्येही आपल्या फायरवॉलच्या जोडीला एक `fe80::` वाला.

प्रश्न दोन. स्नूपिंग चालू असताना हे आलं कसं? आणि वाचलं त्याप्रमाणे आरए गार्ड आणि डीएचसीपीव्ही६ गार्ड हे दोन्ही लावायचे, की एकानं भागतं?

रंकाळ्याचा_वारा
पोर्टवर गार्ड ठेवणार म्हणजे पगार किती देणार? आमच्या सोसायटीचा रात्री झोपतो, तुमचा जागा राहील का?

गुळाची_ढेप
अगदी सोपं आहे भावा. आयपीव्ही६ वापरत नाही ना? मग प्रत्येक पीसीच्या अडॅप्टरमध्ये जाऊन आयपीव्ही६ ची टिक काढून टाक. आम्ही तीस पीसींवर केलंय, तीन वर्षं झाली, कटकट नाही. गार्ड-बिर्ड कशाला.

शिरोलीचा_स्विचवाला
@गुळाची_ढेप सत्तर पीसी आहेत, शिवाय प्रिंटर, हजेरीची मशिनं, साहेब लोकांचे फोन. आणि नवीन लॅपटॉप आला की टिक परत असतेच.

जुनी_केबल
सकाळी वाचलं, आता जेवण झाल्यावर लिहितो.

स्नूपिंगचा यात काही दोष नाही. ते आयपीव्ही४ चे डीएचसीपी निरोप तपासतं. तुझ्याकडे आलाय तो राउटर अॅडव्हर्टाइजमेंट, म्हणजे आरए. तो आयसीएमपीव्ही६ चा १३४ नंबरचा निरोप. डीएचसीपीशी त्याचं नातंच नाही, त्यामुळे स्नूपिंगच्या समोरून गेला तरी ते ढुंकून बघत नाही. कुठलंही खोकं `ff02::1` ला, म्हणजे त्या व्हीलॅनमधल्या झाडून सगळ्यांना ओरडून सांगतं, "मी राउटर आहे, हा प्रीफिक्स घ्या, हा डीएनएस घ्या." विंडोज ते बिनतक्रार मानतं. तू आयपीव्ही६ वापरत नसलास तरी तुझे पीसी वापरतात, बुधवारपर्यंत त्यांना फक्त कुणी विचारलं नव्हतं.

आता तुझ्या लक्षणांकडे बघू. `fd` वाला पत्ता म्हणजे खासगी प्रीफिक्स, घरचे राउटर आपल्या मनानंच तो बनवतात. अशा पत्त्यावरून बाहेरच्या खऱ्या आयपीव्ही६ साइटकडे जाण्यापेक्षा विंडोज आयपीव्ही४ पसंत करतं, म्हणून तुझी बाहेरची ये-जा जुन्याच वाटेनं चालू आहे. बिघडलंय ते फक्त डीएनएस. आरएमध्येच डीएनएसचा पत्ता देता येतो आणि विंडोज १० तो १७०३ आवृत्तीपासून घेतं. पीसी नाव विचारायला आधी त्या खोक्याकडे जातो. खोक्यानं उत्तरच दिलं नाही तर थोडं थांबून पुढच्या डीएनएसकडे वळतो, ते तुझे दोन-चार सेकंद. पण खोक्यानं "असं नाव नाही" म्हटलं की पीसीला तेच अंतिम उत्तर वाटतं आणि तो पुढे विचारतच नाही. म्हणून ईआरपी नावानं सापडत नाही, आयपीनं सापडतो.

आधी खोकं शोध. त्या मजल्यावरच्या कुठल्याही पीसीवर वायरशार्क लाव, फिल्टर `icmpv6.type == 134`. निरोप सगळ्यांनाच येतो, त्यामुळे पोर्ट मिररिंग वगैरे लागत नाही. पाच-दहा मिनिटं वाट बघ. त्या पॅकेटचा सोर्स मॅक घे आणि स्विचवर

```
show mac address-table address <मॅक>
```

अपलिंक पोर्ट दिसला तर त्या टोकाच्या स्विचवर परत तेच. शेवटी एका अॅक्सेस पोर्टवर येऊन थांबशील.

शाहूपुरी_पॅकेट
जुनी_केबल म्हणतात ते बरोबर, पण मी म्हणेन डीएचसीपीव्ही६ गार्ड हाच खरा. सर्व्हरची उत्तरं अॅक्सेस पोर्टवरून येऊच दिली नाहीत की पत्ता नाही, गेटवे नाही, डीएनएस नाही. एका गार्डात काम. मी एका कॉलेजात तसंच ठेवलंय.

जुनी_केबल
@शाहूपुरी_पॅकेट, आयपीव्ही४ च्या सवयीनं तसं वाटतं. तिथे डीएचसीपीच गेटवे देतो. डीएचसीपीव्ही६ मध्ये गेटवे द्यायची सोयच नाही, गेटवे फक्त आरएमधून येतो. पत्ताही आरएच्या प्रीफिक्सवरून मशीन स्वतः बनवतं. या धाग्यातल्या केसमध्ये डीएचसीपीव्ही६ सर्व्हरचं एकही उत्तर नसेल, पैज लावतो. तुझ्या कॉलेजात काही झालं नाही कारण कुणी खोकं लावलं नाही.

शाहूपुरी_पॅकेट
पैज तांबड्या-पांढऱ्याची असेल तरच. मग उलट विचारतो, फक्त आरए गार्ड पुरे का? आरए आलाच नाही तर पीसी डीएचसीपीव्ही६ मागायला जाणारच नाही. आरएमधला एम फ्लॅग बघूनच तो मागतो ना?

जुनी_केबल
पुस्तकात तसं आहे खरं. पण विंडोज आरए नसतानाही सॉलिसिट पाठवत राहतं. वायरशार्कमध्ये `dhcpv6` फिल्टर लाव, कुठल्याही आयपीव्ही६ नसलेल्या ऑफिसात पाचेक मिनिटांत दिसेल. कुणी मुद्दाम बसलेला माणूस त्याला उत्तर देऊन स्वतःला डीएनएस म्हणून घुसवतो, आणि मग पीसीचे पासवर्डचे व्यवहार आपल्याकडे वळवतो. त्याला आरएची गरज पडत नाही. म्हणून दोन्ही गार्ड. चुकून लावलेल्या खोक्याला बहुतेक आरए गार्ड पुरतो, मुद्दाम आलेल्याला दोन्ही लागतात.

मिसळ_कटासकट
आमच्याकडे फायबर आहे, आयपीव्ही६ येतं आणि सीसीटीव्ही मोबाइलवर दिसत नाही. हा गार्ड घरच्या राउटरमध्ये कुठे असतो? सेटिंगमध्ये शोधला, फक्त "फायरवॉल: मध्यम" आहे.

जुनी_केबल
@मिसळ_कटासकट ते वेगळं दुखणं, वेगळा धागा काढा. हा गार्ड स्विचच्या पोर्टवर असतो, घरच्या राउटरात शोधू नका.

तपोवन_टर्मिनल
माझी चूक सांगते, कुणाच्या तरी कामाला येईल.

दोन वर्षांपूर्वी एका कंपनीत (नाव नको) आयपीव्ही६ व्यवस्थित चालू होतं. मी आरए गार्डची पॉलिसी केली आणि पोर्ट १ ते २४ अशी सगळी रेंज सिलेक्ट करून लावून टाकली. अपलिंक २४ वर होता. लावून झाल्यावर स्वतःच्या पीसीवरून तपासलं, सगळं छान, आयपीव्ही६ साइट उघडतात. साडेपाच वाजलेले, बॅग उचलली, खाली येऊन वडापाव खाल्ला.

सहाला फोन. आयपीव्ही६ गेलं. मी म्हटलं माझं नाही, माझं काम अर्ध्या तासापूर्वी झालंय आणि तपासलंय. दोन तास आयएसपीशी भांडले. आमचा राउटर दर २०० सेकंदांनी आरए पाठवायचा आणि त्यात राउटरचं आयुष्य १८०० सेकंद लिहिलेलं. गार्डनं अपलिंकवरून येणारे आरए अडवले, पण पीसींनी आधी ऐकलेला गेटवे अर्धा तास धरून ठेवला होता. बरोबर अर्ध्या तासानं सगळ्यांनी एकदम सोडला. मी त्या वेळी एखादा पीसी रीस्टार्ट करून पाहिला असता तर तिथेच कळलं असतं, कारण नवीन जोडलेल्याला पहिल्या क्षणापासून काहीच मिळत नव्हतं.

तेव्हापासून गार्ड लावला की एक पोर्ट बंद-चालू करून नव्यानं पत्ता मिळतो का ते बघते. जुन्या पीसीवरच्या तपासणीला अर्थ नाही.

रंकाळ्याचा_वारा
वडापाव कुठला होता?

तपोवन_टर्मिनल
@रंकाळ्याचा_वारा तो आठवतो, कारण त्या रात्री दुसरं काही खायला मिळालं नाही.

शिरोलीचा_स्विचवाला
सापडलं!!

जुनी_केबल सरांनी सांगितल्याप्रमाणे मॅक काढला. पहिल्या स्विचवर पोर्ट २३, म्हणजे अपलिंक. पुढच्या स्विचवर पोर्ट १४. जॅकचा नंबर बघत स्टोअरमध्ये गेलो, तर रॅकच्या मागे, गंजलेल्या व्हॉल्व्हच्या खोक्याआड, एक घरचा वायफाय राउटर. वॅनचं पोर्ट मोकळं, केबल लॅनमध्ये. स्टोअरवाले मामा म्हणाले, "मागच्या वेळी तुम्ही ओरडला म्हणून यावेळी व्हिडिओ बघून डीएचसीपी बंद करून मगच लावला." त्यांना फोनवर वायफाय पाहिजे होतं आणि मिळतही होतं, कारण पत्ता आमच्याच सर्व्हरकडून येत होता.

राउटरचं पान उघडून बघितलं. आयपीव्ही४ चा डीएचसीपी खरंच बंद. आयपीव्ही६ चं पान वेगळं, तिथे आरए चालू. मामांचा काय दोष.

केबल काढली. पण अजून दोन पीसींवर ते `fd` चे डीएनएस दिसतायत. का?

जुनी_केबल
मामांना एक अॅक्सेस पॉइंट द्या, प्रश्न मुळातून सुटेल.

राहिलेल्याचं कारण तपोवनताईंच्या गोष्टीतच आहे. पीसीनं ऐकलेलं सगळं मुदतीसकट साठवलेलं असतं. गेटवेची एक मुदत, डीएनएसची एक, प्रीफिक्सची एक, आणि प्रीफिक्सची मुदत कधी कधी दिवसांची असते. केबल काढली म्हणून कुणी "मी गेलो" असं सांगत नाही. गार्ड आता लावलास तरी तो नवीन आरए अडवेल, पीसीच्या पोटातलं काढणार नाही. त्या दोन पीसींचं अडॅप्टर डिसेबल करून परत एनेबल कर.

आणि आता कॉन्फिग. पोर्ट २३ आणि २४ अपलिंक आहेत असं धरतो.

```
ipv6 nd raguard policy RA-HOST
 device-role host
ipv6 dhcp guard policy D6-CLIENT
 device-role client
!
interface range Gi1/0/1 - 22
 ipv6 nd raguard attach-policy RA-HOST
 ipv6 dhcp guard attach-policy D6-CLIENT
```

अपलिंकवर काही लावू नकोस. पॉलिसी पोर्टला लावलीस तर ज्या पोर्टवर नाही तिथून सगळं जातं. काही लोक व्हीलॅनला लावतात, मग मात्र अपलिंकसाठी `device-role router` आणि डीएचसीपीसाठी `device-role server` अशा वेगळ्या पॉलिसी लागतात, आणि ते विसरलं की वरची वडापावची गोष्ट. गार्ड फक्त पोर्टमधून आत येणारं बघतो, हे लक्षात ठेव.

गुळाची_ढेप
आमचे स्विच सिस्को नाहीत, स्वस्तातले मॅनेज्ड आहेत. त्यात गार्ड नाही. म्हणून तर टिक काढतो.

जुनी_केबल
@गुळाची_ढेप टिक काढणं मायक्रोसॉफ्टलाही पसंत नाही, ते म्हणतात बंद करू नका, हवं तर आयपीव्ही४ ला प्राधान्य द्या. पण तुझी अडचण खरी आहे. स्विचमध्ये आयपीव्ही६ ची एसीएल असेल तर तीच कामाला लाव. सिस्कोच्या भाषेत लिहितो, तुझ्या स्विचवर मेनूतून करावं लागेल.

```
ipv6 access-list NO-RA
 deny icmp any any router-advertisement
 deny udp any any eq 546
 permit ipv6 any any
!
interface range Gi1/0/1 - 22
 ipv6 traffic-filter NO-RA in
```

५४६ हे क्लायंटचं पोर्ट. क्लायंटसाठीचं उत्तर अॅक्सेस पोर्टवरून आत येतंय म्हणजे ते पाठवणारा सर्व्हर नको तिथे बसलाय. सोर्स ५४७ वर अडवू नकोस, वाईट माणूस सोर्स पोर्ट हवा तो घेतो.

शाहूपुरी_पॅकेट
पैज हरलो, मान्य. पण आता माझा मुद्दा ऐका. गार्ड लावून आज लॅपटॉपवर तपासलं. लिनक्सवर `radvd` चालवलं, दुसऱ्या पोर्टवरच्या मशीनवर

```
tcpdump -ni eth0 'icmp6 and ip6[40] == 134'
```

काहीच नाही, म्हणजे गार्ड चालतो. मग एका मित्रानं आरएच्या आधी एक्स्टेन्शन हेडर घालून आणि पॅकेटचे तुकडे करून पाठवले. `tcpdump` गप्प, पण समोरच्या मशीनवर गेटवे आला! जुना स्विच आहे, फर्मवेअर कित्येक वर्षांत बदललेलं नाही.

जुनी_केबल
शाब्बास, हे लोक तपासतच नाहीत.

तुझा फिल्टर आणि तुझा स्विच एकच चूक करतायत. `ip6[40]` म्हणजे आयपीव्ही६ च्या ४० बाइटच्या हेडरनंतरचा पहिला बाइट. मध्ये एक्स्टेन्शन हेडर आलं की तिथे १३४ नसतोच. साधा स्विच तिथेच बघतो, आरए दिसला नाही म्हणून सोडून देतो. तुकडे केले तर पहिल्या तुकड्यात आयसीएमपी हेडर येईलच असंही नाही. आरए गार्डचं मूळ वर्णन २०११ च्या आरएफसी ६१०५ मध्ये आहे आणि या पळवाटांवर २०१४ ची आरएफसी ७११३ आहे. हेडरची साखळी शेवटपर्यंत वाच, आणि पहिल्या तुकड्यात ती पूर्ण नसेल तर पॅकेट टाकून दे, असा त्याचा आशय. त्याआधी २०१३ मध्ये आरएफसी ६९८० नं शेजाऱ्यांच्या शोधाचे निरोप तुकड्यांत पाठवायलाच बंदी केली, म्हणजे ते पाळणारं मशीन स्वतःच असा आरए फेकून देतं.

तुझ्याकडे दोन वाटा. फर्मवेअर नवीन कर आणि परत तपास. नाहीतर एसीएलमध्ये वरच्या बाजूला `deny ipv6 any any undetermined-transport` घाल, म्हणजे आत काय आहे ते स्विचला कळलं नाही ते पॅकेट बंद. ही ओळ सगळे स्विच घेत नाहीत.

गुळाची_ढेप
म्हणजे तुमचा गार्ड पण फुटतोच. मग माझी टिक काय वाईट?

तपोवन_टर्मिनल
@गुळाची_ढेप स्टोअरवाल्या मामांना एक्स्टेन्शन हेडर येत नाहीत हो. शंभरातली बहुतेक खोकी चुकून लागतात, त्यांना साधा गार्डही अडवतो. टिक मात्र पाहुण्याच्या लॅपटॉपवर आणि फोनवर तुम्ही काढू शकत नाही.

गुळाची_ढेप
ते पाहुण्यांचं पटलं. बाकी नाही पटलं.

शिरोलीचा_स्विचवाला
रिपोर्ट. सोमवारी कारखाना बंद असतो तेव्हा चारही स्विचवर दोन्ही गार्ड लावले. मामांचाच राउटर आणून पोर्ट १४ ला मुद्दाम लावला. त्याच स्विचवरच्या दुसऱ्या पीसीचं अडॅप्टर बंद-चालू केलं, `fd` चा पत्ता नाही, डीएनएस दोनच. ईआरपी नावानं उघडतो.

एक ठिकाणी फसलो. डिझाइन विभागात टेबलाखाली पाच पोर्टचा साधा स्विच आहे, त्याच्यावर चार पीसी. राउटर त्यात लावला तर त्या चौघांना परत `fd` चा पत्ता. बाकी मजल्याला नाही.

जुनी_केबल
होणारच. ते आरए आपापसातच फिरतात, तुझ्या पोर्टपर्यंत पोचायच्या आधीच शेजाऱ्यांना मिळतात. गार्ड पोर्टच्या दारावर आहे, त्या टेबलाखालच्या खोलीत नाही. तिथे चार केबल ओढ.

शिरोलीचा_स्विचवाला
चार केबलचं कोटेशन साहेबांकडे गेलं की "चालतंय ना सध्या?" असं उत्तर येतं.

शाहूपुरी_पॅकेट
आणि वायफायचं काय? एकाच अॅक्सेस पॉइंटवरचे दोन फोन एकमेकांना आरए पाठवू शकतात, ते स्विचपर्यंत येतच नाहीत. अॅक्सेस पॉइंटनं क्लायंटकडून आलेला आरए टाकला पाहिजे. माझ्याकडच्यात ती सोय आहे की नाही तेच मेनूत कळेना.

जुनी_केबल
हाच लॅपटॉप वायफायवर घे, `radvd` चालव, दुसऱ्या फोनवर गेटवे येतो का बघ. मेनूवर विश्वास ठेवू नकोस.

शिरोलीचा_स्विचवाला
एक शेवटचं. पोर्ट १४ वर चाचणी करताना `show ipv6 snooping counters interface` मध्ये टाकलेल्या आरएचा आकडा वाढताना दिसला. म्हणून सहज सगळे पोर्ट बघितले. सगळीकडे शून्य, पोर्ट २१ वर मात्र काल दुपारपासून ४०० च्या वर गेलाय.

पोर्ट २१ साहेबांच्या केबिनमध्ये जातो.

रंकाळ्याचा_वारा
आता विचारायला कोण जाणार?

शिरोलीचा_स्विचवाला
मामांना पाठवतो.